वाटी तेवढीच

गेल्या वर्षी आषाढात आमच्या मामंजींना न्यूमोनिया झाला. अकरा दिवस इस्पितळात काढून ते घरी आले. ताप गेला, खोकला हळूहळू गेला, पण भूक काही परत येईना. दुखण्याआधी त्यांचं वजन ५६ किलो होतं. श्रावण सरता सरता ते साडेसत्तेचाळीसवर आलं. वय ७४. धोतर कमरेला टिकेना आणि बैठ्या खुर्चीतून उठताना हात दिल्याशिवाय उठवेना.

आता घरात आजारी माणूस म्हटल्यावर आपण बायका काय करतो? ताट वाढतो. मीही तेच केलं. दोन फुलके खाल्ले तर तिसरा वाढायचा, भात संपत आला की आणखी एक डाव घालायचा. सासूबाई शेजारी बसून म्हणायच्या, “एवढा घास घ्या बरं माझ्यासाठी.” पहिले चार दिवस मामंजींनी घेतला. पाचव्या दिवशी भरलेलं ताट समोर येताच त्यांनी मान फिरवली आणि म्हणाले, “सूनबाई, हे ताट पाहूनच माझं पोट भरतं.” मी ते मनाला लावून घेतलं. वाटलं, एवढं राबून करते त्याचं काही नाही. पण ते अक्षरशः खरं बोलत होते, हे मला पुढे कळलं.

आमच्या डॉक्टरांनी आधी वजन उतरण्याची दुसरी काही कारणं नाहीत ना, ते पाहून घेतलं. रक्तातली साखर, थायरॉइड, छातीचा फोटो, थुंकीची तपासणी असं सगळं झालं. हे मी मुद्दाम आधी सांगते आहे. माणूस विनाकारण वाळत चालला असेल तर तूपसाखर सुरू करण्याआधी कारण शोधायला हवं. क्षय, मधुमेह, आतड्याचं दुखणं, मनाची उदासी, यांपैकी काहीही त्यामागे असू शकतं. आमच्याकडे तसलं काही निघालं नाही. निघाली ती फक्त सैल झालेली कवळी! अंग उतरलं की हिरड्याही आकसतात, कवळी हलायला लागते, चावताना टोचते. मामंजी हे कुणाला बोलले नव्हते. दंतवैद्याकडून ती बसवून घेतली, आणि मग डॉक्टरांनी आम्हाला एका आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं.

बाई तरुण होत्या, पण प्रश्न मोठे नेमके विचारायच्या. त्यांनी मला आदल्या दिवशी मामंजींनी खाल्लेलं सगळं लिहायला सांगितलं. मी मोठ्या अभिमानानं यादी केली. सकाळी अर्धा कप चहा आणि दोन बिस्किटं. दहा वाजता वाटीभर तांदळाची पेज. जेवायला दोन कोरडे फुलके, दुधीची भाजी, पातळ वरण, अर्धी वाटी भात आणि पेलाभर ताक. चारला पुन्हा चहा, नंतर एक संत्रं. रात्री मुगाची सैल खिचडी दीड वाटी आणि निजताना अर्धा कप साय काढलेलं दूध. सगळं कसं पथ्याचं, हलकं, पचायला सोपं!

बाईंनी कागदावर आकडे मांडले आणि बेरीज माझ्यापुढे सरकवली. जेमतेम पावणेनऊशे उष्मांक. आहे ते वजन राखायलाच त्यांना चौदा-पंधराशेच्या आसपास लागतील, आणि वाढवायचं तर सतराशे-अठराशे. म्हणजे मी त्यांना निम्म्यावर ठेवलं होतं, आणि तेही पोट गच्च भरून!

“त्यांचं पोट रिकामं नाही हो,” बाई म्हणाल्या, “ते पाण्यानं भरलंय.” पेज, ताक, पातळ वरण, दुधी, संत्रं, सैल खिचडी, सगळ्यांत मुख्य माल पाण्याचा. पोट भरल्याची जाणीव आपल्याला मुख्यतः जठर किती ताणलं गेलं त्यावरून होते. आत गेलेली वाटी पेजेची आहे की खिरीची, याची ताणाला पर्वा नसते. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या बार्बरा रोल्स यांनी या विषयावर वर्षानुवर्षं प्रयोग केले आहेत. माणूस दर दिवशी साधारण तेवढ्याच वजनाचं अन्न खातो, त्या अन्नात उष्मांक किती दाटीनं भरले आहेत त्यावर त्याच्या पदरात कमी पडतं की जास्त, असं त्यांना दिसलं. त्यांचा रोख मुख्यतः वजन घटवू पाहणाऱ्यांकडे होता. जेवणाआधी सूप प्या, पाणीदार भाज्या भरपूर खा, म्हणजे कमी उष्मांकांत पोट भरेल. मी नेमकं तेच पथ्य एका वाळलेल्या माणसाला देत होते! आम्हाला ते उलटं करायचं होतं. वाटी तेवढीच ठेवायची, आतला माल बदलायचा.

घरी येताना मी मनात म्हटलं, सोपं आहे, उद्यापासून तुपाचा डबा उघडते. पण बाईंनी तिथंही हात धरला. बरेच आठवडे फार कमी खाल्लेल्या आणि एवढं वजन गमावलेल्या माणसाला एकाएकी भरपूर खायला घातलं तर रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम असे क्षार झपाट्यानं उतरू शकतात, आणि ते जिवावर बेतू शकतं. म्हणून डॉक्टरांनी त्या क्षारांची तपासणी केली आणि पहिल्या आठवड्यात दिवसाकाठी दोन-अडीचशेच उष्मांक वाढवायची परवानगी दिली. पुढे दर आठवड्याला थोडे थोडे. सतराशेपर्यंत पोचायला आम्हाला महिना लागला.

पहिला बदल दुधात केला. ब्रिटनमधल्या सरकारी आरोग्यसेवेत अशा रुग्णांच्या घरच्यांना एक साधी युक्ती सांगतात. एक पाइंट, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडं जास्त, सायीसकट दूध घ्यायचं आणि त्यात साय काढलेल्या दुधाच्या पावडरीचे चार मोठे चमचे मिसळायचे. आम्ही अर्धा लिटर म्हशीचं दूध घेऊन दोन चमच्यांपासून सुरुवात केली, कारण एकदम दुप्पट दूध पोटात गेलं तर काहींना गुबारा धरतो, जुलाब होतात. आठ दिवसांनी चार चमचे केले. पावडर सरळ गरम दुधात टाकलीत तर गुठळ्या होतात. आधी थोड्या गार दुधात ती कालवून घ्यावी आणि मग उरलेल्यात ओतावी. हे घट्ट दूध वाटीभर, म्हणजे दीडशे मिलिलिटर घेतलं तर सव्वादोनशेच्या आसपास उष्मांक होतात, साय काढलेल्या दुधाच्या चौपटीच्याही वर. प्रथिनंही त्याबरोबर वाढतात. आणि म्हातारपणी वजन नुसतं चरबीचं वाढून उपयोग नाही, मांसही भरलं पाहिजे. घरात आता मामंजींच्या चहाला, खिरीला, दह्याला हेच दूध. त्यांना सांगितलंच नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “दूधवाला बदलला की काय? चहा बरा लागतोय.”

दुसरा बदल पेजेत. त्याच वाटीत आता नाचणीची खीर. पोह्यांचा एक चमचा नाचणीचं पीठ चमचाभर तुपावर खमंग परतायचं, वाटीभर घट्ट दूध घालून शिजवायचं, दोन लहान चमचे गूळ शेवटी, आच बंद केल्यावर घालायचा, नाहीतर दूध फाटतं. पेजेच्या वाटीत साठ उष्मांक होते, या वाटीत तीनशेच्या वर. मामंजींना पहिल्या दिवशी फरक कळला तो एवढाच, की “आज पेज गोड झालीय.”

जेवणाच्या ताटात तर मी फारसं काही बदललंच नाही. दोन कोरड्या फुलक्यांऐवजी तेल लावून केलेली घडीची पोळी एकच, वर चमचाभर तूप. वरण तेवढंच पण घट्ट. अर्धी वाटी भातावर ते घालायचं आणि चहाचा एक चमचा तूप त्यात कालवायचं. वरून सोडलेलं तूप ताटाला लागून राहतं, आणि पाहणाऱ्यालाही ओशट वाटतं. दुधीच्या भाजीची हकालपट्टी केली नाही, तिच्यात पोह्यांचे दोन चमचे दाण्याचं कूट आणि थोडं ओलं खोबरं गेलं. कूट यासाठी की अख्खे दाणे कवळीला झेपत नाहीत. एका पोह्यांच्या चमच्याभर कुटात पन्नासेक उष्मांक असतात आणि जागा म्हणाल तर काहीच नाही. ताकाला मात्र जेवणातून रजा दिली. पाणीसुद्धा जेवताना घोटभरच, बाकीचं जेवणानंतर तासाभरानं. आणि घासांचा क्रम ठरवला: आधी तुपाचा वरणभात, मग पोळीभाजी, काकडीची कोशिंबीर सर्वांत शेवटी. पूर्वी मामंजी कोशिंबिरीनं सुरुवात करायचे आणि भातापर्यंत पोचायच्या आत थकायचे.

हे सगळं मी मोठ्या चांदीच्या ताटाऐवजी नाश्त्याच्या लहान ताटलीत वाढायला लागले. सासूबाईंना ते आवडलं नाही. “घरच्या कर्त्या पुरुषाला पोरांची ताटली?” असं त्या म्हणाल्या. पण पहिल्याच दिवशी ताटली रिकामी झाली, मामंजींनी ती पुढे सरकवली आणि चक्क ऐटीत म्हणाले, “संपवलं बरं का!” पुष्कळ दिवसांत त्यांनी काही संपवलं नव्हतं. सासूबाई त्यावर काही बोलल्या नाहीत.

तुम्ही म्हणाल, मग सगळं सुरळीत झालं. छे! दोन चुका मी चांगल्याच ठसठशीत केल्या, आणि त्या सांगायलाच हव्यात.

पहिली चूक पेयाची. घन अन्नापेक्षा पातळ पेयानं पोट कमी भरल्यासारखं वाटतं, म्हणून अल्पाहारी माणसाला उष्मांक पाजावेत, हे बाईंनी सांगितलं होतं. मी अर्धं केळं, भिजवलेले तीन खजूर, पोह्यांचे दोन चमचे दाण्याचं कूट आणि वाटीभर घट्ट दूध मिक्सरमधून काढलं. एका पेल्यात चारशेच्या वर उष्मांक! मी हुरळून गेले आणि सकाळी साडेअकराला तो पेला त्यांच्या हातात दिला. पेला संपला, पण साडेबाराला ताटलीकडे पाहूनच त्यांनी हात जोडले. पाचशेचं जेवण बुडालं, दिवसाची बेरीज उलट घटली. चार दिवस मी हेच करत राहिले, कारण पेला रिकामा होतोय याचाच मला आनंद होता. शेवटी वहीत बेरीज केली तेव्हा डोळे उघडले. मग तोच पेला दुपारी साडेतीनला, जेवणापासून तीन तास आणि रात्रीच्या जेवणाआधी चार तास, असा ठेवला. तोही घटाघटा नव्हे. रेडिओ ऐकत अर्ध्या तासात घोट घोट. पाऊण पेला गेला तरी पुष्कळ. उरलेला कुणीही आग्रह न करता उचलायचा.

दुसरी चूक तुपाची. रात्रीच्या खिचडीत मी एकदा चार चमचे तूप घातलं. एकदमच दीडशेच्या वर उष्मांक आले, असा हिशोब. ती रात्र मामंजींनी ढेकर देत काढली आणि सकाळी चहाशिवाय काही घेतलं नाही. स्निग्ध पदार्थ जठरातून सावकाश खाली उतरतात. एका वेळी फार झाले तर पोट तासन्‌तास जड राहतं आणि पुढचं खाणं बुडतं. तेच चार चमचे दिवसभरात चार ठिकाणी वाटले तर कुणाला पत्ताही लागत नाही. तेव्हापासून एका वेळी दोन चहाच्या चमच्यांच्या वर तूप नाही, असा नियम केला. शिवाय तूपच असायला हवं असंही नाही. मामंजींचं हृदय ठीक होतं. तरी डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही निम्मं काम शेंगदाणा तेल, कूट आणि तीळ यांच्यावर सोपवलं.

आता वेळांबद्दल. भूक लागेल तेव्हा खायचं, हा निरोगी माणसाचा कायदा. मामंजींना भूक लागतच नव्हती, तर वाट कशाची पाहायची? म्हणून घड्याळ हेच भूक असं ठरलं. सकाळी सातला घट्ट दुधाचा चहा आणि अर्धा बेसनाचा लाडू, साडेनऊला खीर, साडेबाराला जेवण, साडेतीनला पेला, साडेसातला वाटीभर घट्ट खिचडी चमचाभर तुपासह, किंवा मेतकूट-तूप-भात, आणि साडेनऊला अर्धा कप दूध. सहा खेपा, पण एकही खेप अशी नाही की पाहून धडकी भरावी. मधला चहा बंद केला नाही, म्हाताऱ्या माणसाचं तेवढं सुख काढून घेऊ नये, पण जेवणाआधीच्या तासात तो मिळत नसे. अर्धा कप चहासुद्धा थोडकी भूक मारायला पुरतो. या सगळ्याची बेरीज सतराशेच्या घरात गेली, आणि पोटात गेलेल्या अन्नाचं आकारमान पूर्वीपेक्षा फारसं वाढलं नव्हतं.

गंमत अशी, की या यादीतलं पुष्कळसं आपल्या आजीला ठाऊक होतं. बाळंतिणीला डिंकाचे, अळिवाचे लाडू का? तिला बसून मोठं जेवायला ना वेळ ना भूक, म्हणून दोन घासांत मावेल एवढ्यात तूप, खोबरं, खारीक आणि गूळ दाबून भरायचा. दुखणाईताला मऊ भात-तूप-मेतकूट का, तेही त्यातच आलं. मधल्या काळात आपण ‘हलकं’ या शब्दाच्या नादी लागून ते सगळं विसरलो आणि बाजारातल्या शक्तिवर्धक पावडरींचे डबे आणू लागलो. मीही आणला होता एक. चमचाभर घातल्यानं किती उष्मांक मिळतात ते पाहिलं, तर दाण्याच्या कुटाच्या चमच्याहून ना जास्त ना स्वस्त. नातवानं तो संपवला.

वजन आम्ही आठवड्यातून एकदाच करायचो. रविवारी सकाळी, शौचाहून आल्यावर, चहाआधी, त्याच पंचा-बंडीत. रोज केलं तर पाण्याचा, कोठ्याचा चढउतार दिसतो आणि घरातले सगळे उगीच हसतात किंवा रडतात. पहिले दोन आठवडे काटा हललाच नाही: ४७.५, ४७.४, ४७.६. मी हिरमुसले. बाई म्हणाल्या, घसरण थांबली हेच मोठं. मग आठवड्याला दोनशे-तीनशे ग्रॅम अशी चढण सुरू झाली. त्यांच्या वयाला हाच वेग बरा, असं त्यांचं म्हणणं.

आणि मग एका रविवारी काट्यानं दीड किलोची उडी दाखवली. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. मी मात्र बाईंनी शिकवल्याप्रमाणे मामंजींच्या घोट्यावर अंगठा दाबला. खळगा पडला आणि तो तसाच राहिला. अन्नानं आठवड्यात दीड किलो भरत नाही, ते अंगात साठलेलं पाणी असतं. त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलो. हृदय, मूत्रपिंड पाहून झालं. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीनं पाय सुजत होते. गोळी बदलली, सूज उतरली, आणि तिच्याबरोबर ते दीड किलोही. पाय न पाहता मी आनंदात राहिले असते तर?

एक काम मात्र ताटलीबाहेरचं होतं. दिवसातून दोनदा खुर्चीतून हात न टेकता उठायचं आणि बसायचं. सुरुवातीला दोनदा, तेही मी समोर उभी राहून, मग पाच, मग दहा वेळा. खाल्लेल्या प्रथिनांना मांसात जायला असं काम लागतं, नाहीतर सगळं पोटावर साठतं. कार्तिकात एका संध्याकाळी दाराची घंटा वाजली आणि मी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर येईपर्यंत मामंजी खुर्चीतून उठून दार उघडायला गेलेसुद्धा होते.

ही पद्धत सरसकट कुणी उचलू नये. मधुमेह असेल तर गूळ, खजूर, केळं यांचा हिशोब निराळा. मूत्रपिंडाचा विकार असेल तर दूध-पावडर परस्पर वाढवायची नाही. पित्ताशयात खडे असतील तर तूप-तेलानं कळा येतात. आमच्या शेजारणीची कॉलेजातली मुलगी माझी वही मागायला आली होती. तिला मी आधी डॉक्टरकडे पाठवलं. ती जन्मापासून सडपातळ, खेळती, पाळी नियमित. डॉक्टरांनी सांगितलं, हिला काही झालेलं नाही. वही न देताच परत पाठवली, दोन लाडू मात्र दिले.

वही अजून फडताळात आहे. गेल्या दिवाळीला त्यात ५०.२ आहे, संक्रांतीला ५२.५, आणि चैत्रापासून ५४ च्या आसपास काटा थांबला आहे. छप्पन्न पुन्हा होतील असं नाही, आणि डॉक्टरांना त्याची निकडही वाटत नाही. मामंजींची भूक अजून लहानच आहे, ताटलीही तीच. नोंद मात्र हल्ली ते स्वतः करतात. परवा दसऱ्याच्या रविवारी त्यांनी त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं आहे: ‘५४.३. बेसनाचे लाडू यंदा लवकर करावेत. काटा तपासून घ्यावा, सूनबाईंचा त्यावर फार विश्वास आहे.’